बाजाराच्या गलक्यात ‘रुपये प्राप्त झाले’

“मावशी, गेले बघा पैसे.”

“थांब रे बाळा, मशीन बोलू दे.”

भाजीच्या गाड्यावर, वडापावच्या टपरीवर, फुलांच्या पाटीपाशी हा संवाद आता इतका सवयीचा झाला आहे, की त्यात काही नवीन आहे हेच आपण विसरलो. गिऱ्हाईक मोबाइलवरची हिरवी खूण दाखवतं, पण विक्रेत्याचा विश्वास त्या खुणेवर नसतो. काउंटरवरच्या छोट्या डब्यातून “अमुक रुपये प्राप्त झाले” असं ऐकू आलं, की मगच पिशवी पुढे सरकते.

यूपीआय 2016 मध्ये सुरू झालं. पहिली काही वर्षं दुकानदाराला पैसे आल्याचं कळायचं ते एसएमएसवरून, किंवा गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघून. एसएमएस कधी दहा मिनिटांनी यायचा, तर कधी यायचाच नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवरचं चित्र कालचं असू शकायचं, दुसऱ्याच कुणाचं असू शकायचं किंवा खोट्या अॅपनं बनवलेलंही असू शकायचं. शिवाय ज्याचे हात पिठात, तेलात किंवा मासळीत आहेत, तो दर वेळी फोन उघडून बघणार कसा? 2019 च्या सुमारास पेटीएमनं बोलणारा डबा बाजारात आणला. पाठोपाठ भारतपे, फोनपे आणि गुगल पे यांचे डबे आले. कंपनी कोणतीही असो, लोक त्याला साउंडबॉक्स म्हणतात, स्पीकर म्हणतात, नाहीतर नुसतं ‘मशीन’.

या मशीनबद्दल दुकानदारांची सगळ्यात मोठी तक्रार एकच, की गर्दीच्या वेळी ते नीट ऐकू येत नाही. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. आवाजाचं बटण दाबून दाबून शेवटपर्यंत नेतात. तरीही ऐकू आलं नाही, की मशीन खराब असल्याचं सांगून कंपनीच्या माणसाला फोन लावतात. खरं तर आवाज वाढवणं हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी डबा कुठे ठेवला, त्याचं तोंड कुणाकडे आहे आणि तो कोणत्या भाषेत बोलतो, हे तीन प्रश्न येतात.

डब्याला नेमकं काय कळतं?

गिऱ्हाइकानं क्यूआर स्कॅन करून पिन टाकला, की त्याच्या बँकेतून पैसे निघतात आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून दुकानदाराच्या खात्याकडे जातात. व्यवहार पूर्ण झाला, की ज्या कंपनीचा क्यूआर आहे तिच्या सर्व्हरला ते समजतं. तो सर्व्हर मोबाइल नेटवर्कवरून डब्याला एक छोटा निरोप धाडतो. बहुतेक डब्यांत त्यासाठी स्वतंत्र सिम असतं. म्हणूनच दुकानदाराचा फोन घरी राहिला किंवा बंद पडला, तरी डबा बोलतो. निरोपात रक्कम असते, आणि डबा ती वाचून दाखवतो.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक म्हणजे डबा फक्त त्याच्याशी जोडलेल्या क्यूआरवर आलेल्या पैशांबद्दल बोलतो. गिऱ्हाइकानं दुकानदाराच्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवले, किंवा शेजारी चिकटवलेला दुसऱ्या कंपनीचा क्यूआर स्कॅन केला, तर पैसे येतील पण डबा गप्प राहील. दुसरं म्हणजे डबा रक्कम सांगतो, ती कुणी दिली हे सांगत नाही. समोर तीन माणसं उभी आहेत आणि तिघांनीही वीस-वीस रुपये दिले आहेत, अशा वेळी एकदाच ऐकू आलेलं ‘वीस रुपये’ कुणाचं, हे डब्याला सांगता येत नाही.

निरोप नेटवर्कवरून येत असल्यामुळे त्याला उशीरही होतो. पत्र्याच्या शेडखाली, तळघरातल्या गाळ्यात किंवा लोखंडी कपाटाच्या आड ठेवलेल्या डब्याला सिग्नल कमी मिळतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर खूण उमटते, पण डबा आणखी काही क्षण गप्प असतो. नेटवर्क मध्येच तुटून परत आलं, तर साठलेले निरोप एकामागोमाग वाजू शकतात. पाच मिनिटांपूर्वी गेलेल्या माणसाचे साठ रुपये आत्ता समोर उभ्या असलेल्या माणसाचे वाटतात, ते अशाच वेळी. डबा हलवायचा तो आवाजासाठी, हे खरं. पण नव्या जागी सिग्नल येतो का, हे आधी पाहायला हवं.

गलका आवाज कसा गिळतो

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. समोरासमोर दोघं साधं बोलत असतील, तर एक मीटरवर तो आवाज साधारण 60 डेसिबल भरतो. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसाची मर्यादा 65 डेसिबल आहे. संध्याकाळी सहा-सात वाजता दादर स्टेशनच्या पश्चिमेला किंवा पुण्यात मंडईजवळ उभं राहिलं, की या मर्यादेचं काय होतं ते कानांना कळतंच. रिक्षा, हॉर्न, विक्रेत्यांच्या हाका आणि लोकांचं बोलणं मिळून गलका 75 ते 80 डेसिबलपर्यंत सहज जातो.

नुसता ‘काहीतरी वाजलं’ एवढं कळायला डब्याचा आवाज गलक्याच्या थोडासा वर असला तरी पुरतो. पण आकडा स्पष्ट कळायचा असेल, तर तो गलक्यापेक्षा साधारण 10 डेसिबलनं वर असावा. म्हणूनच विक्रेते म्हणतात, “मशीन बोललं ते कळलं, पण किती बोललं ते नाही कळलं.” हिशोब बिघडतो तो याच दरीत.

गलक्याचीही जात असते. ट्रॅफिक आणि जनरेटर यांचा घरघराट खालच्या पट्टीचा असतो. तो मोठा असला, तरी बोलण्यातली व्यंजनं त्यातून बऱ्यापैकी बाहेर येतात. कढईतलं तेल आणि गॅसची मोठी शेगडी मात्र सतत ‘स्स्स’ असा सुस्कारा टाकतात. हा वरच्या पट्टीचा आवाज नेमका स, श, त, ठ यांसारख्या अक्षरांवर पसरतो. मंडईत आणखी वेगळं संकट. तिथे चारही बाजूंनी माणसं ओरडत असतात आणि तेही आकडेच: “वीस रुपये पाव, तीसला अर्धा किलो!” बोलण्याला झाकून टाकण्यात दुसऱ्या बोलण्याइतकं हुशार काही नाही. कानाला आवाज मिळतो, पण कोणता आकडा डब्याचा आणि कोणता शेजारच्या कांदेवाल्याचा, हे मेंदूला पटकन वेगळं करता येत नाही.

एका टपरीचा हिशोब

स्टेशनबाहेरची वडापावची एक टपरी डोळ्यांसमोर आणू. पुढे दीड मीटर लांब काउंटर, मागे कढई, उजव्या हाताला पावांची लादी. डबा ठेवलाय मागच्या फळीवर मसाल्याच्या बरण्यांशेजारी. चार्जरची पिन तिथेच आहे आणि पुढे ठेवला तर कुणी उचलून नेईल ही भीती आहे, म्हणून ही जागा निवडलेली. डब्याचं तोंड मालकाच्या पाठीकडे. फळीपासून गिऱ्हाईक जवळपास दोन मीटरवर उभं असतं आणि मधे धुमसणारी कढई.

समजा, हा डबा पूर्ण आवाजावर एक मीटरवर 85 डेसिबल देतो आणि टपरीजवळचा गलका 78 डेसिबल आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं, की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. म्हणजे दोन मीटरवरच्या गिऱ्हाइकापर्यंत 79 डेसिबल पोचतात, गलक्यापेक्षा जेमतेम एक जास्त. त्यात मधे मालकाचं अंग आणि बरण्या आड येतात, त्यामुळे आणखी काही डेसिबल जातात. मालकाला आवाज येतो, कारण तो डब्याच्या जवळ आहे. पण गिऱ्हाइकाला काहीच ऐकू येत नाही आणि ते पुन्हा पुन्हा विचारतं, “दादा, आले का?” मालक मान डोलावतो, पण गिऱ्हाइकाची खात्री होत नाही. काही जण पैसे अडकल्याच्या शंकेनं पुन्हा स्कॅन करतात, आणि मग दोनदा गेलेले पैसे परत करण्याची कटकट मागे लागते.

आता डबा फळीवरून काढून काउंटरच्या कोपऱ्यावर आणू. गिऱ्हाइकाच्या कानापासून अंतर उरतं अर्धा-पाऊण मीटर. अर्ध्या मीटरवर हाच डबा 91 डेसिबल देतो, म्हणजे गलक्यापेक्षा 13 जास्त. आकडा सहज कळतो. हे साधायला नवं मशीन लागलं नाही, आवाजाचं बटणही दाबावं लागलं नाही. अंतर दोन मीटरवरून अर्ध्यावर आणून जे 12 डेसिबल मिळाले, ते दुसऱ्या रीतीनं मिळवायचे तर स्पीकरला सोळा पट ताकद लावावी लागली असती. एवढ्याशा डब्यातल्या स्पीकरमध्ये ती नसते.

आता मालक आवाज दोन घर खाली आणू शकतो, आणि तसं करणं फायद्याचं असतं. लहान स्पीकर शेवटच्या पायरीवर फाटतो, रक्कम खरखरीत होते. मोठा पण फाटलेला आवाज थोड्या कमी पण स्वच्छ आवाजापेक्षा कळायला अवघड जातो. शेवटच्या पायरीवर अक्षरं तुटत असतील, तर एक-दोन पायऱ्या खाली उतरून ऐकावं. बऱ्याचदा आकडा तिथे जास्त स्पष्ट लागतो.

जागा बदलताना दिशेचाही विचार हवा. स्पीकरची जाळी ज्या बाजूला असते त्या बाजूला वरच्या पट्टीचे आवाज जास्त जातात, मागे कमी. जाळीचं तोंड मालक आणि गिऱ्हाईक या दोघांच्या मधल्या बाजूला, थोडं तिरकं ठेवलं, तर दोघांनाही पुरतं. डबा काउंटरवर आडवा टाकला आणि जाळी खाली गेली, की अर्धा आवाज लाकडात जातो. तेलाचे थेंब आणि पीठ उडू नये म्हणून डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालायची सवय सर्रास दिसते. जाड पिशवी नेमकी ती अक्षरं खाते जी आकडा ओळखायला लागतात. झाकायचंच असेल तर जाळीची बाजू मोकळी सोडावी आणि ती अधूनमधून कोरड्या ब्रशनं साफ करावी. तेलकट पिठाचा थर बसलेली जाळी असेल, तर महिनाभरात डबा घोगरा वाटू लागतो आणि लोक बॅटरीला दोष देतात.

चोरीची भीती खरी आहे. त्यावर काउंटरच्या खांबाला पट्टीनं किंवा वायरनं डबा बांधून ठेवणं, हा बाजारात रुळलेला उपाय चांगला आहे. उंची गिऱ्हाइकाच्या छातीपासून कानापर्यंत असावी. जमिनीवर पाटी मांडून बसणाऱ्या फुलवालीचा डबा पाटीत ठेवला, तर उभ्या गिऱ्हाइकाच्या कानापासून तो दीड मीटर खाली राहतो आणि फुलांत अर्धा बुडतो. तोच डबा छत्रीच्या दांड्याला बांधला, की दोघींनाही ऐकू येतो.

कोणती भाषा लावायची?

भाषा बदलणं सोपं आहे. त्या-त्या कंपनीच्या व्यापाऱ्यांसाठीच्या अॅपमध्ये स्पीकरचा विभाग असतो. त्यात भाषेची यादी उघडून हवी ती निवडायची. मराठी बहुतेक कंपन्यांच्या यादीत आहे. बदल लगेच होईलच असं नाही. नव्या भाषेचे आवाज नेटवर्कवरून डब्यात यावे लागतात, त्यामुळे डबा चार्ज केलेला, चालू आणि नेटवर्कमध्ये असावा लागतो. काही डबे त्यानंतर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतात. ते पाहून मशीन बिघडलं असं समजून मधेच बटण दाबू नये. हे काम दुकान बंद केल्यावर करावं, गिऱ्हाइकं उभी असताना नको.

कोणाची भाषा लावावी, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. माझं मत स्पष्ट आहे: पैसे ज्याच्या खिशात यायचे आहेत, त्याच्या कानाची भाषा पहिली. आकडा चुकला तर नुकसान त्याचं होतं. मालक आणि त्याच्याकडे काम करणारा मुलगा, या दोघांना जी भाषा विचार न करता कळते ती लावावी. गिऱ्हाइकाला आपली रक्कम आधीच माहीत असते. त्यानंच ती टाकलेली असते, त्यामुळे परक्या भाषेतही त्याला ओळखीचा सूर पुरतो. मालकाला मात्र आलेली रक्कम ऐकूनच कळते. मुंबईत मराठी मालकाकडे बिहारमधून आलेला मुलगा गल्ला सांभाळत असेल, तर त्या दुकानात हिंदी लावणं शहाणपणाचं. कोल्हापूरच्या गुजरीत, जिथे मालक आणि गिऱ्हाईक दोघंही मराठी आकड्यांतच व्यवहार करतात, तिथे हिंदी ठेवण्याचं काही कारण नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक कोणत्या भाषेचं येईल सांगता येत नाही. तिथेही डबा विक्रेत्याच्याच भाषेत ठेवावा.

मराठी लावली, की मराठी आकड्यांच्या खाचाखोचाही येतात. इंग्रजीत वीसच्या पुढचे आकडे दशक आणि एकक जोडून तयार होतात. मराठीत एकापासून शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं रूप वेगळं आहे. सदुसष्ट सहज ‘साठ’ आणि ‘सात’ जोडून करता येत नाही. त्यामुळे आवाज तुकडे जोडून तयार करायचा झाला, तर शंभरापर्यंतचे सगळे आकडे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करावे लागतात, वर शे, हजार, लाख आणि रुपये. जोडलेल्या तुकड्यांमध्ये फट राहिली, की ‘दोनशे… पस्तीस… रुपये’ असं तुटक ऐकू येतं. पण खरी अडचण आहे ती एकमेकांसारख्या वाजणाऱ्या आकड्यांची.

कढईच्या ‘स्स्स’मध्ये ‘साठ’चा ‘स’ गेला, की उरतो ‘आठ’. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक शेवटच्या एका व्यंजनाचा आहे. ‘वीस’ आणि ‘तीस’ यांत फक्त पहिलं अक्षर वेगळं. ‘सदतीस’, ‘सत्तावीस’ आणि ‘सत्तेचाळीस’ यांची सुरुवात एकसारखी आणि शेवट ऐकू येईपर्यंत निम्मं वाक्य गेलेलं. हिंदीतही सात, साठ आणि आठ आहेतच, आणि इंग्रजीतल्या ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांनी कितीतरी गल्ले चुकवले असतील. गोंधळ नसलेली भाषा नाही. आपल्या दुकानात रोज कोणत्या किमती येतात आणि त्यांत एकमेकांसारखे वाजणारे आकडे आहेत का, हे पाहणं मालकाच्या हातात आहे. वीसचा चहा आणि तीसची कॉफी एकाच काउंटरवर विकणाऱ्यानं हे दोन आकडे डब्यावर नीट ओळखू येतात की नाही, हे आधी तपासावं.

मशीनचा आकडा आणि बाजाराचा आकडा यांतही अंतर असतं. बाजारात आपण दीडशे, अडीचशे म्हणतो. डबा मात्र ‘एकशे पन्नास’, ‘दोनशे पन्नास’ असं म्हणू शकतो. नव्या मुलाला गल्ल्यावर बसवताना हे एकदा सांगावं लागतं. नाहीतर “काका, दीडशे आले नाहीत” म्हणून तो गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतो.

वाक्याच्या रचनेत एक सोय मात्र दडलेली आहे. डबा आधी छोटी धून वाजवतो किंवा कंपनीचं नाव घेतो, मग रक्कम सांगतो आणि शेवटी ‘प्राप्त झाले’ म्हणतो. सुरुवातीचा भाग दर वेळी तोच असल्यामुळे तो जाहिरातीसारखा वाटतो, पण तेवढ्यात कान त्या दिशेला वळतो आणि रक्कम येईपर्यंत तयार होतो. मालकानं याचा फायदा घ्यावा. धून वाजताच हातातला झारा किंवा सुरी क्षणभर थांबवली आणि स्वतःचं बोलणं तोडलं, तर पुढचा आकडा हमखास ऐकू येतो. बऱ्याचदा गलक्यातला सगळ्यात जवळचा आवाज स्वतः मालकाचाच असतो.

दोन डबे एका काउंटरवर

अनेक दुकानांत दोन-तीन कंपन्यांचे डबे ओळीनं मांडलेले असतात. कंपन्यांचे प्रतिनिधी येतात आणि देऊन जातात. मालकाला वाटतं, की फोनपेच्या गिऱ्हाइकाला फोनपेचा क्यूआर लागेल आणि पेटीएमच्या गिऱ्हाइकाला पेटीएमचा. तसं नाही. यूपीआयचा क्यूआर कोणत्याही यूपीआय अॅपनं स्कॅन करता येतो. एक क्यूआर आणि त्याचा एक डबा सगळ्या गिऱ्हाइकांना पुरतो. दोन डबे असले, की ते एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, कोणता पैसा कुठल्या खात्यात गेला हे रात्री शोधावं लागतं, आणि प्रत्येकाचं महिन्याचं भाडं वेगळं लागू शकतं. बोलणं स्पष्ट व्हायला बाजूचा डबा बंद करणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आवाज सगळीकडे मोठाच हवा असंही नाही. सोनाराच्या पेढीवर किंवा डॉक्टरांच्या दवाखान्यात मोठी रक्कम बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाणं कुणालाच नको असतं. तिथे डबा आतल्या काउंटरवर हळू आवाजात ठेवावा. काही डब्यांवर रक्कम दाखवणारा छोटा पडदाही असतो, त्याचा उपयोग करावा. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या किराणा दुकानानं रात्री नऊनंतर आवाज उतरवला, तर वरच्या मजल्यावरच्या माणसांची तक्रार येत नाही. सकाळी तो पुन्हा वाढवायचा विसरू नये एवढंच.

डबा गप्प राहिला तर

डबा बोलला नाही, की दोन टोकांच्या चुका होतात. एक दुकानदार गिऱ्हाइकाच्या फोनवरची खूण बघून माल देतो. दुसरा गिऱ्हाइकावर चिडतो आणि पुन्हा पैसे द्यायला लावतो. दोन्ही चुका टाळायच्या असतील, तर स्वतःच्या अॅपमधली व्यवहारांची यादी उघडून बघायची. त्यात रक्कम आणि वेळ दिसते. तिथे पैसे दिसले तर ते आले आहेत, डब्याचं नेटवर्क किंवा बॅटरी बघायची. काही डब्यांवर शेवटचा व्यवहार पुन्हा ऐकवणारं बटण असतं; गलक्यात आकडा निसटला तर ते दाबावं. मात्र ते जुना व्यवहार वाचतंय, हे मुलांना सांगून ठेवावं.

दिवसभर दुकानात गर्दी आहे, लोक स्कॅन करतायत, आणि डबा तासभर बोललाच नाही, तर क्यूआरच्या कागदाकडे बघायचं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत चोरट्यांनी रात्रीतून अनेक दुकानांबाहेरच्या क्यूआरवर आपले क्यूआर चिकटवले होते. गिऱ्हाइकांचे पैसे जात होते, पण दुसऱ्याच खात्यात. अशा वेळी डब्याची शांतता हीच पहिली सूचना असते. रोज दुकान उघडताना घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून एक रुपया पाठवून बघावा आणि स्कॅन केल्यावर नाव आपलंच येतं का ते पाहावं. फसवणूक झाली असेल, तर सायबर मदतीसाठीच्या 1930 या क्रमांकावर लगेच कळवावं.

उलटाही प्रकार होऊ शकतो. डब्याचा आवाज कुणीही मोबाइलवर रेकॉर्ड करून वाजवू शकतो. गर्दीत हा फरक कळायचा तर आवाज आला कुठून, याकडे लक्ष हवं. डबा ठरावीक जागी, ठरावीक दिशेला असण्याचा हाही एक फायदा आहे. रोजच्या जागेवरून न आलेला आवाज सवयीच्या कानाला चटकन खटकतो. मोठी रक्कम असेल तर आवाजावर न थांबता यादी बघावी.

एक चाचणी करून बघा

आपल्या दुकानातलं मशीन खरंच ऐकू येतं का, हे कळायला वीस मिनिटं पुरतात. ही चाचणी सकाळी दुकान उघडताना करू नका. ज्या वेळी बाजार सगळ्यात जास्त गजबजतो, त्या वेळी करा. घरातल्या माणसाला फोन घेऊन थोडं बाजूला उभं करा. दुसऱ्याला गिऱ्हाईक जिथे उभं राहतं तिथे कागद-पेन घेऊन उभं करा, मुलाला नेहमीच्या जागी कढईपाशी किंवा तराजूपाशी ठेवा. मग 8, 60, 20, 30, 27 आणि 37 रुपये हवे त्या क्रमानं पाठवा. कागद घेतलेला माणूस आणि मुलगा, दोघांनीही ऐकलेला आकडा लिहायचा, एकमेकांना विचारायचं नाही. पैसे तुमच्याच खात्यात येतात, त्यामुळे काही बुडत नाही.

दोघांचेही सगळे आकडे बरोबर आले तर मशीनला हात लावू नका. एक-दोन चुकले तर डबा पुढे आणा, जाळीची दिशा बदला, पिशवी काढा आणि पुन्हा बघा. तरीही चुकत असेल तर भाषा बदलून बघा. एवढं करूनही आकडे निसटत असतील, तरच आवाज वाढवा आणि मग कंपनीला फोन करा. त्या वेळी नुसतं ‘ऐकू येत नाही’ असं न म्हणता, ‘इतक्या अंतरावर साठ आणि आठ सारखेच ऐकू येतात’ असं सांगा. कंपन्यांनीही गर्दीच्या बाजारासाठी रक्कम दोनदा म्हणण्याची सोय द्यायला हवी. ‘प्राप्त झाले’ एकदाच म्हटलं तरी चालेल, आकडा मात्र दुसऱ्यांदा ऐकू आला तर बाजारातले निम्मे वाद मिटतील.